चिकन धुतलेले पाणी कुठे जाते?

चिकन बाजारातून घरी आले की पहिले काम ठरलेले असते, ते म्हणजे धुणे. कुणी दोन पाण्यांनी धुतात, कुणी पाणी अगदी नितळ दिसेपर्यंत. हळद-मीठ चोळून पुन्हा एकदा धुण्याचीही अनेक घरांत रीत आहे. ‘कच्चे चिकन धुऊ नका’ असे सांगितले, की समोरची गृहिणी आधी थांबते आणि मग विचारते, “न धुताच शिजवायचे? किळस नाही का येणार?” प्रश्न रास्त आहे. ज्या संस्कृतीत तांदूळ, डाळ, भाजी, फळे सारे धुऊनच चुलीवर चढते, तिथे मांस तेवढे न धुता शिजवा म्हणणे विपरीत वाटणारच. म्हणून नुसता निषेध न सांगता त्यामागचे कारण सविस्तर पाहू. त्यातही ज्या घरात वृद्ध माणूस आहे, तिथे हा नेमका कसला धोका आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सुखाने नांदतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४२ अंश सेल्सिअस असते आणि ते या जंतूला मानवते. कोंबडीला त्याचा त्रास होत नाही, म्हणून ती निरोगी, टवटवीत दिसते. कापताना, पिसे काढताना, आतडे बाहेर काढताना तो मांसावर पसरतो. त्याच्याबरोबर साल्मोनेलाही असू शकतो. दुकान कितीही नीटनेटके असले, तरी कच्च्या चिकनवर हे जंतू असू शकतात, असेच धरून चालावे लागते. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांना वासही नसतो. चिकनला येतो तो उग्र वास वेगळा. तो गेला म्हणजे जंतू गेले असे नव्हे.

पाण्याने हे जंतू का जात नाहीत? ते मांसाच्या घड्यांत आणि पिसांच्या बारीक छिद्रांत अडकून बसतात आणि पृष्ठभागावरच्या ओलसर थरात घट्ट चिकटतात. पाण्याने त्यांतले काही सुटतात, बरेचसे तिथेच राहतात. जे सुटतात तेही मरत नाहीत, केवळ जागा बदलतात. थोडक्यात, धुण्याने चिकन निर्जंतुक होत नाही, उलट चिकनवरचे जंतू स्वयंपाकघरभर वाटले जातात. उष्णता मात्र त्यांना मारते. मांसाचा सर्वांत जाड भाग आतून ७४ अंशांपर्यंत तापला की हे दोन्ही जंतू टिकत नाहीत. रटरटत्या रश्श्यात पुरेसा वेळ शिजलेले चिकन ही मर्यादा सहज ओलांडते. ज्याला उकळत्या रश्श्यात मरायचेच आहे, त्याला आधी पाण्यात सोडून घरभर फिरवण्याची गरज नाही.

कॅम्पिलोबॅक्टर हे नाव मराठी वाचकांना अगदीच परके राहिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे ‘जीबीएस’चे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. पाय लुळे पडणारी, क्वचित श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचणारी ही व्याधी. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला, काहींत नोरोव्हायरस. तिथे मुख्य संशय पिण्याच्या पाण्यावर होता. तेव्हा ती साथ चिकन धुतल्याने आली, असे कुणी समजू नये. परंतु त्या प्रसंगाने दोन गोष्टी ठसठशीतपणे पुढे आणल्या. हा जंतू आपल्या महाराष्ट्रात आहे, ही पहिली. आणि कोंबडीच्या आतड्यात राहणाऱ्या या जंतूला माणसाच्या पोटात शिरायला चिकन खाल्लेच पाहिजे असे नाही, पाण्याची वाटही त्याला पुरते, ही दुसरी. आपल्या बुलढाण्याच्या घरांसाठी ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे.

त्याचे कारण असे, की ‘चिकन धुऊ नका’ हा सल्ला पाश्चात्त्य देशांतून आला आणि तो चोवीस तास वाहणाऱ्या नळाखालचे सिंक डोळ्यांसमोर ठेवून दिलेला आहे. नळाचे पाणी उंचावरून मऊ मांसावर पडले की त्याचे तुषार उडतात. नळ जितका उंच आणि धार जितकी जोरकस, तितके ते अधिक उडतात. ते अर्ध्या मीटरपेक्षाही दूर जाऊ शकतात. हे सगळे खरे आहे. पण आपल्याकडे किती घरांत नळ रोज येतो? बुलढाणा शहराला येळगाव धरणाचे पाणी मिळते, तेही काही दिवसांच्या अंतराने. उन्हाळ्यात हे अंतर वाढते. खेड्यांत टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे आपले पाणी नळात नसते, ते ड्रममध्ये, टाकीत, माठात साठवलेले असते. साठवलेल्या पाण्याच्या घरात जंतूचा मार्ग बदलतो.

असे एक घर डोळ्यांसमोर आणू. घरात सासूबाई आहेत, वय बाहत्तर. गळ्यात तुळशीची माळ, वारी केलेली, मांसाहार पूर्ण वर्ज्य. त्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात होते, ताटही वेगळे. मधुमेहाची गोळी चालू आहे आणि गेली काही वर्षे रोज सकाळी एक ‘गॅसची गोळी’ही. रविवारी मुलगा एक किलो चिकन आणतो. सून ते गंजात घेऊन मोरीपाशी बसते. डाव्या हाताने ड्रममध्ये तांब्या बुडवून पाणी ओतते, उजव्या हाताने तुकडे चोळते. पहिले पाणी लालसर निघते, ते मोरीत जाते. दुसऱ्या वेळी उजवा हात मोकळा असतो म्हणून तांब्या त्याच हाताने धरला जातो. तांब्याची कड आणि बूड आता त्या रसाने माखलेले आहे आणि तो तांब्या पुन्हा ड्रममध्ये जातो. तिसऱ्या पाण्यालाही तेच. पाणी नितळ निघते, सुनेचे समाधान होते. जे चिकनवर होते त्यातले काही आता मोरीत आहे, काही मोरीशेजारी उपड्या घातलेल्या फुलपात्रांवर उडाले आहे आणि काही थेट ड्रममध्ये उतरले आहे.

पुढे हळद-मीठ लावायचे असते. ओल्या बोटांनी मिठाची बरणी उघडली जाते. मसाल्याच्या डब्याचे झाकण निघते, हळदीत बोटे जातात. मिक्सरचे बटण दाबले जाते. हात ओट्यावरच्या फडक्याला पुसले जातात आणि त्याच फडक्याने नंतर सासूबाईंचे ताट पुसले जाते. विळी पाण्याखाली धरून ‘धुतली’ जाते आणि तिच्यावर काकडी चिरली जाते. कोशिंबिरीत मीठ पडते ते त्याच बरणीतले. दुपारी जेवायला बसताना तांब्याभर पाणी त्याच ड्रममधून येते.

चिकनचा रस्सा अर्धा तास उकळला आहे, त्यात एकही जंतू जिवंत नाही. तो खाणारे सुरक्षित आहेत. कोशिंबीर आणि पाणी मात्र उकळलेले नाही आणि सासूबाईंच्या ताटात नेमक्या याच दोन गोष्टी आहेत. ज्यांनी कोंबडीला स्पर्शही केला नाही, त्यांच्यापर्यंत कोंबडीचा जंतू असा पोहोचतो. कॅम्पिलोबॅक्टरचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे आजारी पाडायला तो फार लागत नाही. काहीशे जंतू पुरतात आणि कच्च्या चिकनच्या रसाच्या एका थेंबात तेवढे असू शकतात. साल्मोनेलासारखा तो उघड्यावर ठेवलेल्या अन्नात वाढत बसत नाही, पण त्याला वाढण्याची आवश्यकताच नसते.

त्यात वृद्धांचे पोट. जठरातले आम्ल हा जंतूंविरुद्धचा आपला पहिला पहारेकरी. पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल या गोळ्या ते आम्ल कमी करतात, त्यांचे कामच ते आहे. ज्यांना त्या खरोखर हव्यात त्यांनी त्या मनाने बंद करू नयेत. परंतु डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी पाच वर्षे घेत राहणारे कितीतरी ज्येष्ठ आपल्या ओळखीत असतील. पुढच्या भेटीत ‘ही अजून घ्यायची का?’ एवढे अवश्य विचारावे.

आता एक प्रयोग सांगतो, कारण त्याचा निष्कर्ष अनपेक्षित आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना चाचणीच्या स्वयंपाकघरात चिकन शिजवायला आणि सोबत कच्ची पालेभाजी कापायला सांगितले. चिकनवर ओळखू येईल असा निरुपद्रवी जंतू आधीच लावून ठेवला होता. ज्यांनी चिकन धुतले, त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो जंतू सापडला. १४ टक्क्यांच्या सिंकमध्ये तर सिंक स्वच्छ केल्यावरही तो उरला होता. धुणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांच्या कच्च्या पाल्यावर तो पोहोचला. आता पुढचा आकडा पाहा. ज्यांनी चिकन धुतलेच नाही, त्यांच्यापैकीही ३१ टक्के लोकांच्या पाल्यावर तो सापडला.

हे वाचून कुणी म्हणेल, मग न धुऊन काय साधले? माझ्या मते या प्रयोगाचे खरे सार इथेच आहे. चिकन न धुण्याने तुषार आणि सिंक हा एक मार्ग बंद होतो. दुसरा मार्ग आपल्या हातांचा. तो साबणाने हात धुतल्याशिवाय बंद होत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात टर्कीच्या मांसाचा पदार्थ बनवणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात सर्वाधिक वेळा दूषित आढळल्या त्या मसाल्याच्या बाटल्या, जवळपास निम्म्या वेळा. आपल्या मसाल्याच्या डब्याची मला लगेच आठवण झाली. त्यांच्या बाटल्यांतून मसाला निदान शिंपडायचा असतो, आपण तर डब्यात बोटेच घालतो.

म्हणून सुरुवात चिकनपासून न करता चिकनला हात लावण्याआधीच्या दहा मिनिटांपासून करावी. कोशिंबीर, लिंबू, कांदा, कोथिंबीर, जे जे कच्चे खायचे आहे ते आधी धुऊन, चिरून, झाकून दूर ठेवावे. भाज्या धुणे आवश्यकच आहे, त्यांना हा निषेध लागू नाही. घरातील ज्येष्ठांचे पिण्याचे पाणी आधीच भरून ठेवावे. हळद, मीठ, तिखट, आले-लसणाचे वाटण लागेल तेवढे एका वाटीत काढून बरण्या बंद कराव्यात. हात धुण्यासाठी एक लहान बादली किंवा मोठा मग वेगळा भरून घ्यावा, म्हणजे ओले हात ड्रमकडे जाणारच नाहीत. ज्यांना शक्य आहे त्यांनी तोटी असलेला माठ किंवा टाकी वापरावी. शक्य नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे आणि ते चिकनच्या हाताने धरू नये. सर्वांत सोपा उपाय म्हणजे घरातील दुसऱ्या कुणी हातावर पाणी ओतावे. आजोबा रिकामे बसलेले असतील, तर हे काम त्यांनी आनंदाने करावे.

मग पिशवीतले चिकन थेट शिजवायच्या पातेल्यात काढावे. पिशवीच्या तळाशी साचलेले लाल पाणी पिशवीतच राहू द्यावे, ती बांधून कचऱ्यात टाकावी. ते बहुतांशी मांसातले पाणी असते, घाण नसते. आणि ते मांसाला लागलेले असले तरी शिजताना त्यातले जंतू मरतातच. वाटीतले हळद-मीठ लावावे, दही किंवा लिंबू चालत असेल तर तेही. याने वास जातो आणि चव लागते. हळद, मीठ किंवा लिंबाने जंतू मरतात या समजावर मात्र विसंबू नये, ते काम फक्त आचेचे. मुरवायचे असल्यास झाकून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे थेंब पडला तरी खाली दुसरे अन्न नसेल. घाटाखाली, खामगाव-मलकापूरकडे, मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. तिथे दुकानातून आणलेले चिकन तासाभराच्या आत फ्रिजमध्ये किंवा चुलीवर गेले पाहिजे.

धुण्याची मनाची गरज भागवणारी एक पायरी आपल्या पाककृतीतच आहे. अनेक घरांत चिकन आधी हळद-मीठ आणि पाणी घालून ‘अळणी’ शिजवतात आणि मग मसाल्यात टाकतात. ही उकळीच खरी ‘धुणी’. वर आलेला फेस डावाने काढून टाकला की रस्सा स्वच्छ दिसतो आणि किळसही उरत नाही. अळणी रस्सा आजारातून उठलेल्यांना आणि वृद्धांना आवर्जून दिला जातो, तो उत्तमच. मात्र चव पाहण्यासाठी उकळी येण्याआधी चमचाभर काढू नये आणि कच्चे तुकडे हलवलेला डाव नंतर वाढायला वापरू नये. सर्वांत जाड तुकडा, बहुधा तंगडीचा, हाडापाशी मोडून पाहावा. आत गुलाबी, चिकट मांस दिसले तर आणखी शिजू द्यावे.

पण आपल्याकडचे चिकन पाकीटबंद नसते, हेही मान्य केले पाहिजे. डोळ्यांदेखत कापलेल्या कोंबडीवर कधी पिसांची खुंटे असतात, कधी हाडाचा चुरा, क्वचित विष्ठेचा डाग. गावरान कोंबडीवर तर हमखास. खुंटे हाताने किंवा चिमट्याने उपटावीत. चुरा आणि डाग कागदाने किंवा जुन्या कापडाच्या तुकड्याने पुसून तो लगेच टाकून द्यावा. दुकानदाराला ‘नीट साफ करून दे’ म्हणण्यात संकोच नसावा, तो त्याच्या कामाचा भाग आहे. एवढे करूनही ज्या घरात न धुता शिजवणे मनाला पटणारच नाही, तिथे निदान हानी कमी करावी. पातेल्यात पाणी आधी भरून घ्यावे, त्यात तुकडे अलगद सोडावेत, चोळू नये, वरून पाणी ओतू नये. ते पाणी भांडी घासतो त्या मोरीत न टाकता न्हाणीघरात जमिनीलगत हळूच ओतावे आणि वरून साबणाचे पाणी सोडावे. हे मी सुरक्षित म्हणून सुचवत नाही, तीन वेळा तांब्या बुडवण्यापेक्षा बरे इतकेच.

चिकन चुलीवर गेले की आवराआवर करावी ती साबणाने. हात वीस सेकंद, नखांच्या कडा आणि अंगठ्यासह. विळी किंवा सुरी, पाट, पातेले, ओटा, नळाची तोटी, मिक्सरचे बटण हे सारे साबणाच्या पाण्याने. नुसते पाणी मारणे म्हणजे धुणे नव्हे. ज्यांना अधिक खबरदारी हवी, त्यांनी साबणानंतर चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा घरगुती ब्लीच मिसळून ओट्यावर फिरवावे आणि काही मिनिटे राहू द्यावे. साबण आधी आणि ब्लीच नंतर, कारण चिकटपणा असेल तिथे ब्लीचचा प्रभाव वाया जातो. शौचालय साफ करायचे आम्ल ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. शेवटी सारे कोरडे होऊ द्यावे. कॅम्पिलोबॅक्टरला कोरडेपणा सोसत नाही. ओट्यावर दिवसभर ओले पडलेले फडके त्याला सोयीचे, उन्हात कडक वाळलेले फडके नव्हे. ऊन आपल्या जिल्ह्यात भरपूर आहे. साल्मोनेला मात्र कोरड्यातही तग धरतो, म्हणून वाळवणे हे साबणाला पर्याय नाही.

एवढे करूनही घरात कुणाला त्रास झाला, तर कसे ओळखावे? साल्मोनेलाचा त्रास बहुधा सहा तासांपासून तीन दिवसांत सुरू होतो, कॅम्पिलोबॅक्टरचा दोन ते पाच दिवसांत. ताप, पोटात कळा, पातळ शौच, कधी त्यात रक्त. रविवारचा जंतू बुधवारी-गुरुवारी बोलू लागतो आणि आपण दोष देतो बुधवारच्या वांग्याच्या भाजीला. डॉक्टरांकडे गेल्यावर कालचे जेवण तर सांगावेच, पण मागच्या पाच दिवसांत घरात कच्चे मांस आले होते का, हेही सांगावे. रुग्ण शाकाहारी असला तरी सांगावे.

तोवर ओआरएसची पूर्ण पुडी एक लिटर पिण्याच्या पाण्यात एकदम विरघळवावी, अर्धी पुडी पेल्यात असे करू नये. घोट घोट देत राहावे. वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून ते मागतील याची वाट पाहू नये. शौचात रक्त असेल किंवा ताप असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी औषधाच्या दुकानातून आणून देऊ नये. लघवी सहा-आठ तासांत झाली नाही, बोलण्यात गोंधळ जाणवला, उठताना चक्कर आली, तर दवाखाना गाठावा. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे काय करायचे, ते त्याच वेळी विचारून घ्यावे, कारण शरीरातील पाणी कमी झाले असताना त्यांपैकी काही मूत्रपिंडाला जड जातात.

जुलाब थांबले, आठवडा-दोन आठवडे बरे गेले आणि मग एखाद्या सकाळी दोन्ही पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय उचलेनासे झाले, अशक्तपणा वर वर सरकू लागला, तर तो वयाचा किंवा वाताचा समजून तेल चोळत बसू नये. कॅम्पिलोबॅक्टरनंतर साधारण हजारात एकाला जीबीएस होतो. पुण्याच्या साथीत ज्याची भीती होती, तो हाच. त्याच दिवशी, श्वासाला कृत्रिम आधार देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि आधी झालेल्या जुलाबांची तारीख सोबत लिहून न्यावी.